कीर्तीच्या नमस्काराला दिलेली दोन उत्तरं

बुधवार पेठ, सोलापूर
रविवार, दुपारी

आदरणीय आक्का यांस,
धाकट्या भावजयीचा, शालनचा, वाकून जयभीम.

तुमची तब्येत ठीक असेल असं धरून चालते. डोळ्यांत थेंब टाकताय ना? माळशिरसला यंदा ऊन किती आहे कळवा. इथलं विचारू नका, सकाळी दहाला नळाचं पाणी चहाला चालेल इतकं तापतंय. मी बरी आहे. गुळगुळीत कागदावर पत्र लिहायची सवय मोडली, त्यामुळे अक्षर थोडं डुगडुगतंय, सांभाळून घ्या. फोनच केला असता, पण मागच्या खेपेला मी तुम्हाला पाऊण तास काय काय सांगितलं आणि शेवटी तुम्ही म्हणालात, “बरं, मग लगीन कधी हाय?” कुणाच्या लग्नाचा विषयच नव्हता, आक्का. तुमच्या कानाचं यंत्र तुम्ही ट्रंकेत ठेवता आणि दोष माझ्या आवाजाला देता. पस्तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढलेल्या बाईच्या आवाजाला! म्हणून पत्र. तुम्ही प्रौढ शिक्षणाच्या वर्गात बोट ठेवून ठेवून वाचायला शिकलात, ते आज माझ्या कामी येतंय. एका बैठकीत वाचू नका, डोळे दुखतील. पण शेवटपर्यंत वाचा.

तर झालं असं. मागच्या मंगळवारी मी भाकरी थापत होते आणि फोन वाजला, म्हणजे टुंग झाला. पीठ लागलेल्या हातानं बघितलं तर सुनेचं, कीर्तीचं नाव. आक्का, माझी भाकरी तव्यावर करपली आणि मला वास आला नाही. सव्वा वर्षात त्या नावाखाली एक अक्षर आलं नव्हतं. का आलं नव्हतं ते तुम्हाला ठाऊकच आहे, पण अर्धंच. इंद्रजीत गेल्यावर आठ महिने ती माझ्याजवळ राहिली, मग पुण्यात लॅबमध्ये नोकरी मिळाली आणि पोरीला घेऊन निघाली, एवढं मी तुम्हाला सांगितलं होतं. दारात मी काय बोलले ते सांगितलं नव्हतं. “गेलीस तर परत मला हाक मारायची नाही,” असं बोलले. नवरा बारा वर्षांपूर्वी गेला, लेक गेला, आता नातही चालली, या रागात बोलले. पोरगी शब्दाची पक्की. तिनं खरंच हाक मारली नाही, आणि माझ्यानं आपणहून मारवली नाही. लोकांना लोकांशी जोडून देण्यात माझी नोकरी गेली आणि घरातली लाइन मी स्वतःच्या हातानं तोडून बसले होते.

तर तो संदेश. मराठीच होता, पण इंग्रजी अक्षरांत, जसं हल्ली सगळे लिहितात. जसाच्या तसा उतरवते (तुम्हाला इंग्रजी अक्षरं येत नाहीत, पण कसा दिसत होता ते तरी बघा):

Jaybhim aai. kashya ahat? khup divas msg karen karen mhnt hote pn himmat nahi zali. BP chi goli time vr gheta na? j1 zal ka? amhi doghi thik. busy asal tr nntr reply kela tri chalel. tc

डोळ्यांनी वाचायला गेलं तर हे कुठल्या देशातलं आहे कळत नाही. याची युक्ती अशी की डोळ्यांनी वाचायचंच नाही, तोंडानं मोठ्यानं म्हणायचं, म्हणजे कानाला मराठी ऐकू येतं. लिहिणाऱ्यानं मधले स्वर गिळलेले असतात, ते आपण म्हणता म्हणता घालायचे. ‘पण’ मधला अ नाही, ‘तर’ मधला नाही, ‘म्हणत’ मधला तर एकही नाही. न आणि ण एकच, ल आणि ळ एकच, त आणि ट एकच, तरी घरच्या माणसाला कुठं काय ते बरोबर कळतं. आकडासुद्धा चालतो: जे लिहून पुढं एक काढला की इंग्रजी वन धरून ते जेवण. (मला हे वाचणं जड गेलं नाही. आमच्याकडे फोनवरून तार घ्यायची सोय होती तेव्हा मी गावांची, माणसांची मराठी नावं अशीच इंग्रजी अक्षरांत भराभर उतरवून घ्यायची.) टाइम, बिझी, रिप्लाय हे शब्द तर तुम्ही आम्ही बोलतानाही वापरतोच की. अडलं ते एका ठिकाणी, शेवटच्या टी.सी.पाशी. टी.सी. म्हणजे शाळेचा दाखला! मला वाटलं, नातीचं, बुद्धप्रियाचं नाव शाळेतून काढलं की काय. अर्धा तास त्या घोरात गेला. ते ‘टेक केअर’ निघालं, जपून राहा. जपून राहायला सांगताना माणसाला असं घाबरवतात का?

मोठ्यानं वाचून दाखवते, आक्का: जयभीम आई. कशा आहात? खूप दिवस मेसेज करेन करेन म्हणत होते पण हिंमत नाही झाली. बीपीची गोळी टाइमवर घेता ना? जेवण झालं का? आम्ही दोघी ठीक. बिझी असाल तर नंतर रिप्लाय केला तरी चालेल. टेक केअर.

आता याला उत्तर द्यायचं. सोपी गोष्ट आहे ना? ‘नमस्कार, सोलापूर एक्सचेंज’ हे मी किती लाख वेळा बोलले असेन. पण ड्युटीवर नमस्काराच्या पुढे घरचं बोलायची मनाई, आणि इथं नमस्काराच्या पुढचंच सगळं होतं. फोन लावून बघितला. ती कामावर असताना फोन कपाटात ठेवावा लागतो म्हणे, वाजून वाजून बंद झाला. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. एक्सचेंजमध्ये माझा आवाज कधी चढला नाही, घरात मात्र पहिल्या वाक्यालाच चढतो, आणि हा एक नमस्कार मला आवाज चढवून घालवायचा नव्हता. म्हणून लिहायचंच ठरवलं, नि जे करायला नको होतं ते केलं. शेजारच्या कुंडलिकरावांना बोलावलं.

तुम्ही त्यांना ओळखता. विहारातल्या सगळ्या निमंत्रण पत्रिका, आभारपत्रं, शोकसभांचे ठराव त्यांच्या हातचे. इंद्रजीतच्या वेळचा ठरावही त्यांनीच लिहिला होता. हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, पण लेखणी निवृत्त झाली नाही. त्यांनी तो संदेश चष्म्याच्या वरून एकदा आणि खालून एकदा वाचला, आणि मराठी भाषेचे हाल यावर अर्धा तास बोलले. (चहा दोनदा झाला.) मग म्हणाले, वडीलधाऱ्या माणसानं उत्तर द्यायचं ते शुद्ध मराठीत आणि देवनागरीतच, नाहीतर मान राहत नाही. मला ते पटलं. मान हा शब्द ऐकला की मला सगळं पटतं, तेवढाच माझ्यात दोष. त्यांनी आधी पाठकोऱ्या कागदावर मसुदा केला, दोन ठिकाणी खोडून सुधारला, आणि मग फोन हातात घेऊन उतरवू लागले. मी शेजारून बघतेय, तर काय हो, हे पण इंग्रजीच अक्षरं दाबतायत! त्यांच्या कळफलकाची रीतच तशी. खाली इंग्रजीत ‘नमस्कार’ दाबायचं, वर मराठीत ‘नमस्कार’ उमटतं. मी म्हटलं, मग कीर्तीनं वेगळं काय केलं? तिनं दाबलेलं तसंच पाठवलं, तुम्ही कपडे बदलून पाठवताय. ते ‘ज्ञ’ शोधत होते. मसुद्यात ज्ञ कुठंच नव्हता, पण वेळेला सापडला पाहिजे म्हणून.

गेलं ते उत्तर असं:

श्रीमती कीर्ती यांस. विषय: आपल्या नमस्काराबाबत. आपला आजचा संदेश प्राप्त झाला. माझी प्रकृती समाधानकारक असून औषधोपचार नियमित सुरू आहे. भोजन झाले आहे. आपण व बालिका कुशल असल्याचे वाचून समाधान वाटले. कळावे.

चूक शोधून सापडणार नाही. प्रत्येक प्रश्नाला उत्तर आहे: गोळी आली, जेवण आलं, पोरगी आली. मी स्वतः वाचून, मान डोलावून, माझ्याच बोटानं पाठवलं, त्यामुळे कुंडलिकरावांवर ढकलायला मला तोंड नाही. आपण! बालिका! अहो, जिला मी पाळण्यात पाठीला तेल लावून झोपवली ती बालिका! तोवर कीर्तीची सुट्टी झाली असावी, तिनं लगेच वाचलं, दोन खुणा निळ्या झाल्या. मग तिच्या नावाखाली ‘लिहीत आहे’ असं आलं, गेलं, परत आलं, परत गेलं. मी फोनकडे बघत उभी. शेवटी आलं ते एवढंच:

Ok aai. sorry tumhala disturb kela. parat nahi karnar msg.

ओके आई. सॉरी तुम्हाला डिस्टर्ब केलं. परत नाही करणार मेसेज.

आक्का, ती बिचारी घरातल्या कपड्यांत दारात आली होती आणि मी तिला आवक-जावकच्या खिडकीवर उभं केलं. सव्वा वर्षानं हिंमत गोळा करून माणूस ‘जेवण झालं का’ विचारतं आणि त्याला ‘भोजन झाले आहे’ असं उत्तर येतं, तर ते काय समजेल? समजेल की म्हातारीनं कडी लावली. कुंडलिकरावांना दाखवलं तर ते म्हणाले, पोच मिळाली, प्रकरण निकाली निघालं. मी त्यांना काय बोलले ते लिहीत नाही.

दोन दिवस असेच गेले. शब्द सुचेनात. ‘कीर्ती, तू गैरसमज’ असं लिहायला सुरुवात केली की पुन्हा ठरावासारखंच व्हायचं. मग मनात आलं, तिच्यासारखं लिहायचं तर तिच्यासारखं लिहिलेलं आधी वाचायला पाहिजे. आमचा तिघांचा एक गट होता फोनवर, ‘Ghar’ नावाचा. इंद्रजीतनं केला होता. तो गेल्यापासून मी तो उघडला नव्हता. गुरुवारी उघडला, आणि बोटानं वर वर सरकवत गेले.

त्यात सगळीकडे तोच होता, आक्का. रोज दुपारी दीडच्या सुमाराला, कामावरच्या जेवणाच्या सुट्टीत: aai j1 zal ka. aai goli ghetli ka. aai pohochlo. aai aaj late hoil. असं चार वर्षांचं. आणि त्याच्या खाली माझं एकही उत्तर नाही. एकही! बघितल्याच्या निळ्या खुणा तेवढ्या आहेत. तेव्हा मी म्हणायची, संध्याकाळी घरी आला की सांगते की, लिहायचं कशाला? आणि ही काय भाषा लिहिण्याची म्हणून वर त्यालाच रागवायची. तो हसायचा आणि दुसऱ्या दिवशी दीड वाजता परत विचारायचा. मग माझ्या डोक्यात लखकन आलं. कीर्तीच्या संदेशात गोळी आणि जेवण का होतं ते. ते तिचे प्रश्न नव्हतेच. तो विचारायचा ते विचारायला आता कोणी राहिलं नाही, म्हणून ती विचारत होती. मी तिथंच जमिनीवर बसून रडले. मोठ्यानं रडले, शेजारी कळलं असेल. कळू दे.

मग डोळे पुसले आणि लिहायला बसले, इंग्रजी अक्षरांत, त्याच्यासारखं. आता इथं फोन आडवा येतो. त्याला मराठी इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं समजत नाही, त्याला वाटतं बाईला इंग्रजी येत नाही, आणि तो सुधारतो. मी लिहिते ‘ahe’, तो करतो ‘she’. मी लिहिते ‘bari’, तो करतो ‘bars’. (फोनमध्ये पण एक कुंडलिकराव बसवलेत म्हणा ना.) खूप वेळानं ध्यानात आलं की अक्षरांच्या वर तीन शब्द दिसतात, त्यातला डावीकडचा आपण लिहिला तसा असतो. तो दाबला की फोन हट्ट सोडतो, आणि दोनचारदा दाबला की पुढच्या वेळी गुमान ऐकतो. एक ओळ लिहायला वीस मिनिटं. कुठं दोन a, कुठं एक, काही मेळ नाही, आणि मी तो मेळ घातलाही नाही. नीट करत बसले असते तर परत पाठवणं राहिलं असतं. गेलं ते असं:

ho g bari ahe. goli ghetli. j1 zal, bhakri ani shengachi chutney. tu jevlis ka? budhapriya kay krtey? te msg mi nahi lihila, kundlikravani lihila. darat bolle te chukle g mi. tension gheu nko. ye ki

म्हणजे: हो गं बरी आहे. गोळी घेतली. जेवण झालं, भाकरी आणि शेंगाची चटणी. तू जेवलीस का? बुद्धप्रिया काय करतेय? ते मेसेज मी नाही लिहिलं, कुंडलिकरावांनी लिहिलं. दारात बोलले ते चुकले गं मी. टेन्शन घेऊ नको. ये की.

बघा, तिनं विचारलं तेवढ्याला आधी उत्तर, मग आपण उलटा तोच प्रश्न, मग मनातलं. टेन्शनला ‘मानसिक ताण’ केलं नाही. ते ‘गं’ आणि ‘की’ मात्र आवर्जून घातले. इंग्रजी अक्षरांत आवाज दिसत नाही, माया कळायची तर त्या एकेका अक्षरावरच. सुधारायचं म्हणून कुणाला दाखवलं नाही. पाठवलं आणि फोन पालथा ठेवला.

पाच मिनिटांत टुंग. तिनं लिहिलं होतं, aai he tumhi lihilay?? vachtana vatla Indrajit cha msg ala. आई हे तुम्ही लिहिलंय? वाचताना वाटलं इंद्रजीतचा मेसेज आला. आणि लगेच फोनच वाजला. उचलला तर पलीकडून बोलणं नाही, नुसतं रडणं. पस्तीस वर्षांची सवय, तोंडातून निघालं ते, “लाइनवर राहा.” आणि ती राहिली, आक्का. मग मागून बुद्धप्रियाचा आवाज आला, आजी आहे का, मला दे. ती आता बोबडं बोलत नाही. ‘र’ स्वच्छ म्हणते. माझं चुकलेलं सव्वा वर्ष मला त्या एका ‘र’ मध्ये कळलं.

तर पुढच्या महिन्याच्या एकवीस तारखेला इंद्रजीतला जाऊन दोन वर्षं होतात. घरीच पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवलाय, सकाळी दहाला वंदना, मग जेवण. कीर्ती पोरीला घेऊन येईन म्हणते. तुम्ही आदल्या दिवशीच या. एसटीत खिडकीची जागा धरा, पाण्याची बाटली विसरू नका. घरात सर्वांना जयभीम, लहानांना आशीर्वाद. उलट टपाली उत्तर पाठवलं नाहीत तरी चालेल, याच.

तुमची,
शालन

ता.क. कुंडलिकराव दोन दिवस बोलत नव्हते. काल येऊन विचारलं, माझ्या पत्रात चूक काय होती ते तरी सांगा. मी म्हटलं, एकही नव्हती. त्यावर त्यांना जास्तच लागलं. एकवीस तारखेची निमंत्रण पत्रिका त्यांना लिहायला दिली आहे. तुम्हाला ‘आपण उपस्थित राहून उपकृत करावे’ असं येईल. मनावर घेऊ नका.

ता.क. दुसरा. आक्का, ज्याच्यासाठी पत्र लिहायला बसले ते अजून लिहिलंच नाही. कीर्ती ‘येईन’ म्हणाली, पण मागून हळूच म्हणाली, “आत्यांना चालेल का?” मी म्हटलं, का नाही चालणार? पण मला माहीत आहे, तुम्ही माळशिरसभर सांगितलंय, “माझ्या गुडघ्याचं आपरेशन झालं, समद्यांनी इचारलं, त्या पोरीनं साधं कशी हाय म्हणून इचारलं न्हाय.” मीही तुमच्या सुरात सूर मिळवला होता. आक्का, तिनं विचारलं होतं. पुण्याला गेल्यानंतर तिसऱ्याच दिवशी. तिनं मला त्याचा फोटो पाठवून दाखवलं, खालच्या दोन खुणा निळ्या आहेत, म्हणजे तुमच्या बोटानं ते उघडलं गेलंय. इंग्रजी अक्षरं बघून तुम्हाला कर्जाची जाहिरात वाटली असेल. तुमच्या फोनमध्ये ते अजून आहे. मी मराठीत उतरवून देते, बोट ठेवून वाचा:

जयभीम आत्या. पुण्याला पोचले. तुम्हाला न सांगता आले, सॉरी. तुमच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची डेट कळली की मला सांगा. मी सुट्टी टाकून येते, दवाखान्यात तुमच्याजवळ मीच राहीन. रिप्लाय करा ना.

तिनं तीन आठवडे सुट्टी राखून ठेवली होती. तुमचं उत्तर आलं नाही, तेव्हा तिला वाटलं आत्यांनाही मी नको. तिला उत्तर द्या, आक्का. इंग्रजी अक्षरं येत नाहीत तर राहू दे, मराठीत लिहा, तिला वाचता येतं. फक्त बोलता तसं लिहा. ‘आहे’ लिहू नका, ‘हाय’च लिहा. एवढं पुरे: जयभीम पोरी, मला वाचाया आलं न्हाय गं. गुडघा बरा हाय. तू ये.